स्क्रिप्टची ऑर्डर कधी महाग भरते, कधी भरतच नाही: मार्केट, लिमिट की स्टॉप?

एनएसईवर स्वतःची स्क्रिप्ट चालवणाऱ्यांच्या तीन तक्रारी सारख्या कानावर येतात. पहिली अशी की, बॅकटेस्टमध्ये दिसणारा नफा प्रत्यक्षात येत नाही, कारण खरेदी दर वेळी स्क्रीनवरच्या भावापेक्षा वर होते आणि विक्री खाली. दुसरी म्हणजे, म्हणून लिमिट ऑर्डर लावली तर ती अर्धवट भरून लटकते आणि भाव निघून जातो. तिसरी तक्रार सगळ्यांत महागाची. स्टॉपलॉस लावला होता, तो ट्रिगरही झाला, पण विक्री झालीच नाही आणि शेअर हातात राहून गेले.

तिन्हींचं मूळ एकच आहे. ऑर्डरचा प्रकार स्क्रिप्टमध्ये एकदा कुठून तरी उचलून लिहिलेला असतो, बहुधा एपीआयच्या नमुना कोडमधून, आणि तो प्रकार बाजाराला नेमकं काय सांगतो याचा विचार नंतर होत नाही. माझं उत्तर आधीच देतो. मूळ सेटिंग म्हणून समोरच्या भावाच्या थोडं पलीकडे लावलेली लिमिट ऑर्डर ठेवा. स्टॉपसाठी SL, म्हणजे ट्रिगर झाल्यावर लिमिट होणारी ऑर्डर वापरा, पण ट्रिगर आणि लिमिट यांच्यात भरपूर अंतर ठेवा. मार्केट ऑर्डर स्क्रिप्टच्या हाती देऊ नका. का, ते एका उदाहरणावर पाहू.

मार्केट ऑर्डर: भाव कोणाच्या हातात?

मार्केट ऑर्डर म्हणजे 'एवढे शेअर आत्ता घे, भाव काहीही असो'. यातल्या 'भाव काहीही असो' या भागाकडे दुर्लक्ष होतं, कारण मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये लहान संख्येला फरक जाणवत नाही. मिड-कॅपमध्ये मात्र तो लगेच जाणवतो.

समजा, एका मिड-कॅप शेअरचा शेवटचा सौदा 412.10 ला झाला आहे. खरेदीदारांचा सर्वांत वरचा भाव 412.00 आहे. तुमच्या स्क्रिप्टला 1,500 शेअर घ्यायचे आहेत. विक्रेत्यांची बाजू अशी दिसते:

```
412.30   120
412.55   200
412.90   180
413.60   300
414.80   250
417.00   900
```

पहिल्या पाच ओळी मिळून 1,050 शेअर होतात. फुकट मिळणाऱ्या डेप्थमध्ये, म्हणजे रांगेतल्या ऑर्डरींच्या यादीत, सहसा एवढ्या पाचच ओळी दिसतात, म्हणजे 417 ची ओळ तुमच्या स्क्रिप्टला दिसतही नाही. मार्केट ऑर्डर मात्र खाली उतरत जाते आणि उरलेले 450 शेअर 417.00 ला उचलते. एकूण पैसे लागतात 6,21,738 रुपये, म्हणजे सरासरी 414.49. बॅकटेस्टने 412.10 धरला होता. एका खरेदीत 3,588 रुपयांचा फरक पडला, तोही ब्रोकरेज आणि कर सोडून.

हा फरक कशामुळे पडला ते वेगळं काढता यायला हवं, कारण दोन कारणांवरचे उपाय वेगळे आहेत. 412.10 पासून 412.30 पर्यंतचे 20 पैसे हे खरेदी-विक्रीच्या भावांमधल्या अंतरामुळे गेले. ते तुम्ही घाईत घेणार असाल तर द्यावेच लागतील. पुढचे 2.19 रुपये मात्र डेप्थ कमी असल्यामुळे गेले, आणि ते पूर्णपणे ऑर्डरच्या प्रकारामुळे गेले. त्यातच सिग्नल निघाल्यापासून ऑर्डर पोचेपर्यंत भाव सरकला असेल, तर तो तिसरा वाटेकरी. म्हणून लॉगमध्ये सिग्नलच्या क्षणाचा LTP म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव, ऑर्डर पाठवतानाचा बिड आणि आस्क म्हणजे सर्वांत वरच्या खरेदीदाराचा आणि सर्वांत स्वस्त विक्रेत्याचा भाव, आणि शेवटी मिळालेला `average_price` हे चारही आकडे हवेत. फक्त LTP आणि सरासरी भाव एवढंच लिहिलं असेल तर तुम्हाला नुकसान दिसेल, कारण दिसणार नाही. अनेक जण अशा वेळी इंटरनेटचा वेग वाढवायला धावतात आणि पैसे जातच राहतात.

आणखी एक बाब. आता बरेच ब्रोकर मार्केट ऑर्डरला 'मार्केट प्रोटेक्शन' लावतात. म्हणजे तुम्ही मार्केट म्हणालात तरी ती काही टक्क्यांच्या मर्यादेत बांधली जाते आणि मर्यादेपलीकडची संख्या न भरता राहते. ही सोय चांगलीच आहे. पण 'मार्केट पाठवली म्हणजे भरलीच' असं गृहीत धरणारी स्क्रिप्ट इथे फसते, कारण ती `status` तपासतच नाही आणि न घेतलेल्या शेअरसाठी स्टॉप लावून मोकळी होते. तुमच्या ब्रोकरच्या एपीआयचं यासंबंधीचं पान एकदा वाचाच. मार्केट ऑर्डरला अशी मर्यादा लागणारच असेल, तर ती आपणच ठरवलेली बरी.

लिमिट ऑर्डर: भावाची हमी, भरण्याची नाही

लिमिटमध्ये तुम्ही सांगता, 'याहून महाग घेणार नाही' किंवा 'याहून स्वस्त विकणार नाही'. लिमिट हा सौद्याचा भाव नसून सर्वांत वाईट भावाची सीमा असते. 413.30 ची खरेदी लिमिट लावली आणि समोर 412.30 चा विक्रेता असेल, तर सौदा 412.30 लाच होतो. हे नीट पटलं नसेल तर माणूस लिमिट उगाच घट्ट लावतो, LTP वर किंवा त्याहून खाली, आणि मग ऑर्डर भरत नाही म्हणून परत मार्केटकडे वळतो.

स्क्रिप्टने म्हणून असं करावं: खरेदी असेल तर LTP न घेता सर्वांत स्वस्त विक्रेत्याचा भाव घ्यावा, त्यावर एक ठरावीक टक्का मिळवावा आणि तिथे लिमिट लावावी. वरच्या उदाहरणात 0.25 टक्का धरू. 412.30 वर पाव टक्का म्हणजे 413.33, आणि टिकमध्ये, म्हणजे भावाच्या सर्वांत लहान पायरीत, बसवून 413.30. ही ऑर्डर पाठवली की पहिल्या तीन ओळींतले 500 शेअर लगेच मिळतात, सरासरी 412.62 ने. उरलेले 1,000 शेअर 413.30 च्या खरेदीदार म्हणून रांगेत सगळ्यांत पुढे उभे राहतात.

टिकमध्ये बसवणं ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण ऑर्डर नाकारली जाण्याचं ते नेहमीचं कारण आहे. 15 एप्रिल 2025 पासून एनएसईच्या रोखीच्या बाजारात टिक भावानुसार बदलते. 250 रुपयांखालच्या शेअरला 1 पैसा, 250 ते 1,000 ला 5 पैसे, 1,000 ते 5,000 ला 10 पैसे, आणि त्यावर आणखी मोठी. सगळीकडे 0.05 लिहून ठेवलेल्या जुन्या स्क्रिप्टला हजाराच्या वरच्या शेअरमध्ये अधूनमधून नकार येतो आणि तो बिनकारण वाटतो. टिक नेहमी रोजच्या इन्स्ट्रुमेंट फाइलमधून घ्या. आणि गणित `float` ने करू नका:

```python
from decimal import Decimal, ROUND_FLOOR, ROUND_CEILING

def limit_price(side, bid, ask, buf, tick):
    if side == "BUY":
        raw, how = ask * (1 + buf), ROUND_FLOOR
    else:
        raw, how = bid * (1 - buf), ROUND_CEILING
    return (raw / tick).to_integral_value(rounding=how) * tick

limit_price("BUY", Decimal("412.00"), Decimal("412.30"),
            Decimal("0.0025"), Decimal("0.05"))   # 413.30
```

खरेदीत खालच्या टिककडे आणि विक्रीत वरच्या टिककडे वळवलं आहे, म्हणजे ठरवलेला पाव टक्का कधीच ओलांडला जात नाही.

टक्का किती ठेवायचा हे शेअरवर अवलंबून आहे. अगदी तरल शेअरमध्ये 0.05 ते 0.1 टक्काही पुरतो. साध्या मिड-कॅपला पाव ते अर्धा टक्का लागतो. ऑप्शनमध्ये मात्र हा टक्क्यांचा हिशोब मोडतो. एखाद्या शेअरच्या ऑप्शनमध्ये बिड 18.20 आणि आस्क 21.50 असेल, तर आस्कवर पाव टक्का चढवण्यात अर्थच नाही, कारण आस्कलाच घेतलं तरी मधल्या भावापेक्षा तुम्ही आठ टक्के जास्त देता. तिथे मधल्या भावापासून, म्हणजे 19.85 पासून, सुरुवात करावी आणि काही सेकंदांनी एकेक पायरी वर जावं. शिवाय अशा ऑप्शनचा LTP अर्ध्या तासापूर्वीचा असू शकतो. LTP वर लिमिट काढणारी स्क्रिप्ट ऑप्शनमध्ये आंधळीच असते.

अर्धवट भरलेल्या ऑर्डरचं काय करायचं

लिमिटकडे वळलेल्या स्क्रिप्टचा खरा त्रास इथे सुरू होतो, म्हणून इथे थोडं थांबतो. आपल्या उदाहरणात 500 आले आणि 1,000 लटकले. दहा सेकंदांनी स्क्रिप्ट जागी होते, 'ऑर्डर पूर्ण झाली नाही' असं पाहते, रद्द करते आणि नवी पाठवते. दोन चुका इथे नेहमी होतात.

पहिली म्हणजे नवी ऑर्डर पुन्हा 1,500 ची जाते. दुसरी जास्त फसवी आहे. रद्द करण्याची विनंती एक्स्चेंजकडे पोचायच्या आधीच उरलेले 1,000 भरले जातात. स्क्रिप्टला वाटतं रद्द झाली, ती आणखी 1,000 मागवते, आणि तुमच्याकडे 1,500 ऐवजी 2,500 शेअर येतात. रद्द करण्याच्या विनंतीला एपीआयने 'ठीक' असं उत्तर दिलं, याचा अर्थ विनंती पोचली, एवढाच. ऑर्डर रद्द झाली असा त्याचा अर्थ नाही. म्हणून रद्द केल्यावर ऑर्डरचा इतिहास पुन्हा मागा. स्थिती `COMPLETE`, `CANCELLED` किंवा `REJECTED` यांपैकी एक होईपर्यंत पुढे जाऊ नका. मग सगळ्या ऑर्डरींच्या `filled_quantity` ची बेरीज करा, आणि लक्ष्यातून ती वजा करून जे उरेल तेवढंच मागवा.

हाच धोका ऑर्डर पाठवतानाही असतो. नेटवर्क मधेच तुटलं आणि उत्तर आलं नाही, तर ऑर्डर गेली की नाही हे स्क्रिप्टला माहीत नसतं. ती सरळ पुन्हा पाठवू नये. प्रत्येक ऑर्डरला स्वतःची `tag` लावावी, आणि पुन्हा पाठवण्याआधी दिवसाच्या ऑर्डरबुकमध्ये ती शोधावी.

हे सगळं सांभाळणं जड वाटत असेल, तर एक सोपा मार्ग आहे: `validity` मध्ये `DAY` ऐवजी `IOC` ठेवा. जे लगेच भरतं ते भरतं, उरलेलं आपोआप रद्द होतं. आपल्या उदाहरणात 500 येतील, 1,000 रद्द होतील, आणि लटकलेलं काही राहणार नाही. थोड्या वेळाने नवी डेप्थ पाहून पुन्हा 1,000 साठी प्रयत्न करता येतो. मधल्या काळात विक्रेता खाली आला असता तर रांगेत उभ्या ऑर्डरला तो मिळाला असता, तेवढा फायदा IOC मध्ये जातो. पण एकट्या माणसाने सांभाळायच्या स्क्रिप्टला मी IOC लाच पसंती देतो, कारण कुठल्याही क्षणी स्क्रिप्ट बंद पडली तरी मागे उघडी ऑर्डर राहत नाही.

किती वेळा प्रयत्न करायचा? खरेदीत दोन-तीन प्रयत्नांनी भरलं नाही तर सोडून द्या. जेवढे आले तेवढ्यांवरच पुढचं काम चालवा. खरेदी हुकली तर संधी जाते, भांडवल जात नाही. विक्रीचं तसं नाही, तिच्याकडे वळू.

स्टॉप: ट्रिगर झाला, पण विकलं गेलं नाही

स्टॉप ऑर्डर हा खरं तर मार्केट-लिमिटच्या रांगेतला तिसरा प्रकार नव्हे. ती एक झोपलेली ऑर्डर असते. LTP ट्रिगरच्या भावाला पोचला की ती जागी होते, आणि जागी झाल्यावर मार्केट होते की लिमिट, यावर सगळं अवलंबून असतं. `SL-M` जागी झाली की मार्केट होते, `SL` जागी झाली की लिमिट.

पूर्वी सगळे डोळे झाकून `SL-M` वापरत. मग 2021 च्या ऑगस्टमध्ये निफ्टीच्या ऑप्शनमध्ये विचित्र सौदे होऊ लागले. 20 ऑगस्टला 16450 च्या कॉलचा भाव क्षणभर आठशे रुपयांच्या पलीकडे गेला आणि लगेच खाली आला. कॉल विकून बसलेल्यांचे स्टॉप अशा उसळीत जागे होतात, मार्केट ऑर्डर बनतात, आणि समोर विक्रेते नसताना वरवरचे भाव उचलत जातात. एकाचा सौदा दुसऱ्याचा ट्रिगर होतो. एनएसईने 27 सप्टेंबर 2021 पासून ऑप्शनमध्ये `SL-M` बंद केली. बीएसईने 9 ऑक्टोबर 2023 पासून ती बंद केली. त्यामुळे तुमची जुनी स्क्रिप्ट ऑप्शनमध्ये किंवा बीएसईवर `SL-M` पाठवून नकार खात असेल, तर बिघाड तुमच्याकडे नाही, तो प्रकारच तिथे चालत नाही.

पण `SL-M` सोडून `SL` कडे आलेल्यांनी नवाच घोळ केला. त्यांनी ट्रिगर आणि लिमिट एकच ठेवले. आपल्या शेअरवर 404.00 चा ट्रिगर आणि 404.00 चीच लिमिट लावली आहे. शेअर घसरतो. एक सौदा 404.20 ला होतो, पुढचा 403.90 ला. ट्रिगर झाला. ऑर्डर जागी झाली आणि म्हणाली, '404 ला विकायचं आहे, खाली नाही.' तोवर खरेदीदारांचा सर्वांत वरचा भाव 402.85 आहे. आता तुमची ऑर्डर बाजाराच्या वर नुसती उभी आहे. शेअर 396 ला जातो आणि ती तशीच उभी राहते. ऑर्डरच्या इतिहासात याची खूण स्पष्ट असते: `TRIGGER PENDING` नंतर `OPEN`, आणि तिथेच थांबलेलं, `filled_quantity` शून्य. ही ओळ दिसली की बाकी काही शोधू नका.

उपाय म्हणजे लिमिट ट्रिगरच्या बरीच खाली ठेवणं. 404 च्या ट्रिगरला दीड टक्का खाली, म्हणजे 397.95. झिरोधाच्या Kite एपीआयमध्ये ते असं:

```python
kite.place_order(
    variety="regular", exchange="NSE", tradingsymbol=sym,
    transaction_type="SELL", quantity=filled, product="CNC",
    order_type="SL", trigger_price=404.00, price=397.95,
    validity="DAY", tag=my_tag)
```

इथे लोक बिचकतात. '397.95 ला विकायचं? 404 चा स्टॉप होता ना?' पण वर म्हटलं तसं, लिमिट ही सीमा आहे. समोर 402.85 चा खरेदीदार असेल तर सौदा 402.85 पासून सुरू होतो. दीड टक्क्याची जागा फक्त भाव तुटून खाली गेला तर वापरली जाते, आणि नेमकं तेव्हाच विकणं गरजेचं असतं.

`quantity=filled` हेही जाणूनबुजून लिहिलं आहे. स्टॉप हा मागवलेल्या संख्येवर नाही, मिळालेल्या संख्येवर लावायचा. 500 च मिळाले असताना 1,500 चा स्टॉप लावला, तर `CNC` म्हणजे डिलिव्हरीच्या ऑर्डरमध्ये तो नाकारला जाईल. `MIS` म्हणजे इंट्राडेमध्ये मात्र तो भरेल आणि तुम्ही नकळत 1,000 शेअर शॉर्ट करून बसाल.

दीड टक्काही पुरला नाही तर? त्यासाठी स्क्रिप्टमध्ये एक पहारेकरी हवा. स्टॉपची स्थिती `OPEN` झाली आणि तीन-चार सेकंदांत पूर्ण भरली नाही, की त्याच ऑर्डरची लिमिट त्या क्षणाच्या बिडच्या एक टक्का खाली आणायची, आणि तरी उरलं तर दोन टक्के. रद्द करून नवी पाठवण्यापेक्षा आहे तीच बदलणं इथे चांगलं, कारण मघाचा दुहेरी ऑर्डरचा धोका टळतो. नफ्यात बाहेर पडताना हेच तंत्र वापरता येतं: झोपलेला `SL` रद्द न करता त्याचं `order_type` बदलून `LIMIT` करा. स्टॉप तसाच ठेवून वेगळी विक्री पाठवली, तर शेअर स्टॉपमध्ये अडकलेले असल्याने ती नाकारली जाते.

सकाळी 9:15 चा नकार

एक नकार असा आहे की त्याने सगळा स्टॉपच गायब होतो आणि दिवसभर कोणाच्या लक्षात येत नाही. `DAY` ऑर्डर संध्याकाळी संपते. म्हणजे कालचा स्टॉप आज नसतो, तो रोज सकाळी नव्याने लावावा लागतो. 9:00 ते 9:15 च्या प्री-ओपनमध्ये स्टॉप ऑर्डर घेतली जात नाही, म्हणून स्क्रिप्ट 9:15 ला लावायला जाते. समजा, रात्री वाईट बातमी आली आणि शेअर 390 ला उघडला. 404 च्या ट्रिगरची विक्री आता LTP च्या वर आहे. विक्रीच्या स्टॉपचा ट्रिगर LTP च्या खालीच असावा लागतो, त्यामुळे ऑर्डर नाकारली जाते. ज्या दिवशी स्टॉपची सर्वांत जास्त गरज होती, त्याच दिवशी तो लागला नाही.

म्हणून स्टॉप लावण्याआधी एक तपासणी हवीच: LTP ट्रिगरच्या खाली असेल तर स्टॉप लावायचा प्रयत्नच करू नका, थेट बिडच्या खाली लिमिट लावून विका. उघडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात डेप्थ पातळ असते, म्हणून तिथे थोडा मोठा टक्का धरावा लागतो. आणि तपासणी ते ऑर्डर या मधल्या क्षणात भाव निसटला तर नकार येईलच, म्हणून `REJECTED` आल्यावरही हीच विक्रीची वाट पकडायची. नुसती लॉगमध्ये ओळ लिहून पुढे जायचं नाही.

ब्रोकरच्या जीटीटीने हा प्रश्न अर्धाच सुटतो. जीटीटी ब्रोकरच्या सर्व्हरवर राहते, दुसऱ्या दिवशीही टिकते आणि उघडताच ट्रिगर होते. पण ट्रिगर झाल्यावर ती तुम्ही आधी दिलेल्या भावाची लिमिट ऑर्डर पाठवते. तिथे 404 च्या ट्रिगरला 397.95 ची लिमिट दिली असेल आणि शेअर 390 ला उघडला, तर ऑर्डर पुन्हा वर उभी राहते. रात्रभर शेअर ठेवणाऱ्यांनी जीटीटीतली लिमिट अधिक सैल ठेवावी, आणि सकाळी स्क्रिप्टने तिची स्थिती पाहावी.

जुन्या होल्डिंगच्या विक्रीत अजून एक अडथळा येतो. ब्रोकरला विक्रीची कायमची मंजुरी देणारं डीडीपीआय दिलेलं नसेल तर डिमॅटमधून विकण्यासाठी टीपिन घालून मंजुरी द्यावी लागते, आणि ती स्क्रिप्टला देता येत नाही. नकाराच्या `status_message` मध्ये ऑथोरायझेशनचा उल्लेख असेल तर ऑर्डरच्या प्रकारात काही शोधू नका, डीडीपीआयचा अर्ज भरा.

आणि एक मर्यादा, जी कुठल्याही प्रकाराने ओलांडता येत नाही. शेअर लोअर सर्किटला लागला असेल तर खरेदीदारच नसतो. तिथे मार्केट, लिमिट आणि स्टॉप सारखेच निरुपयोगी. त्या किमतीला रांगेत लवकर उभं राहणं आणि फोनवर सूचना पाठवणं, एवढंच स्क्रिप्ट करू शकते. वायदे बाजारात असलेल्या शेअरना अशी ठरलेली सर्किट नसते, म्हणून ज्यांना स्टॉपवर विसंबायचं आहे त्यांनी स्क्रिप्टची यादी शक्यतो त्या शेअरपुरती ठेवावी असं मला वाटतं.

कुठून सुरुवात करायची

आजच्या स्क्रिप्टमध्ये काय बिघडलं आहे हे पाहायचं असेल तर मागच्या काही दिवसांचं ऑर्डरबुक उघडा आणि प्रत्येक ऑर्डरचा पूर्ण इतिहास काढा. भरलेल्या ऑर्डरींचा सरासरी भाव पाठवतानाच्या आस्कपासून (विक्रीत बिडपासून) नियमित अर्ध्या टक्क्याहून दूर असेल, तर मार्केट ऑर्डर काढा. न भरलेल्या लिमिट LTP वर लावलेल्या सापडल्या, तर बिड-आस्कवर आणा. `OPEN` वर अडकलेले स्टॉप दिसले तर ट्रिगर-लिमिटमधलं अंतर वाढवा आणि पहारेकरी बसवा. 9:15 च्या आसपासचे `REJECTED` स्टॉप दिसले तर वरची तपासणी घाला.

बदल केल्यावर लगेच मोठ्या संख्येने चालवू नका. एक-एक शेअर घेऊन लिमिटचं गणित, टिक, रद्द करणं, स्टॉप बदलणं हे सगळं तपासता येतं. डेप्थमुळे होणारं नुकसान मात्र एका शेअरवर दिसणार नाही. ते पाहायला नेहमीची संख्या घेऊन, ऑर्डर न पाठवता, फक्त पाच ओळींच्या डेप्थवर किती भरलं असतं हे आठवडाभर लॉगमध्ये लिहीत राहा. त्यात वारंवार निम्म्याहून कमी भरताना दिसलं, तर टक्का वाढवण्याआधी संख्या कमी करा.